दीडशे फुटांचा अंदाज

शेषगिरीअण्णांनी कागद वसुमतीसमोर ठेवला आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ओव्हरसियर म्हणून तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. देवनहळ्ळीत कुणालाही बोअर मारायची असली, की आधी त्यांच्याकडून अंदाज लिहून घ्यायची रीत होती.

"दीडशे फूट धर," ते म्हणाले. "वरची माती आणि मुरूम चाळीस फूट, फुटाला बारा रुपये. खाली खडक एकशेदहा फूट, फुटाला वीस. हे झाले दोन हजार सहाशे ऐंशी. माती ढासळू नये म्हणून खडकापर्यंत लोखंडी केसिंग, बेचाळीस फूट, सोळाच्या भावानं सहाशे बहात्तर. यंत्र आणायचे दीडशे. जेट पंप, मोटर, पाइप मिळून साडेचौदाशे. विजेचे तीन खांब, डिपॉझिट आणि वायरिंग सातशे."

"एकूण?"

"पाच हजार सहाशे बावन्न. फुटामागे अडतीस रुपये पडले. आता खालची ओळ वाच."

खालची ओळ अशी होती: बोअर कोरडी गेल्यास दुसरीसाठी राखून ठेवणे, दोन हजार नऊशे.

वसुमतीनं ती ओळ दोनदा वाचली. तिच्या मागे चक्कोत्याची, म्हणजे पपनशीची, बावीस झाडं उभी होती. तिच्या नवऱ्यानं, गुंडोनं लावलेली. गुंडो जाऊन चौदा महिने झाले होते आणि जुनी विहीर संक्रांतीलाच आटली होती. बंगळुरात कचेरीत नोकरीला असलेला दीर विश्वेश्वर येऊन सांगून गेला होता, "वैनी, सहा हजारांपर्यंत मी देतो. पाणी लागलं तर तुम्ही इथंच राहा, मी शब्द काढणार नाही. नाहीतर जागा विकू आणि तुम्ही चामराजपेटेत आमच्याकडं या." वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी तिला सुखात ठेवलं असतं. पण झाडं तिथं नेता आली नसती.

"अण्णा, ही ओळ काढा."

"दहातल्या तीन कोरड्या जातात इथं, अक्का."

"मग दहातले तीनच हिस्से लिहा. नऊशे मावतील का?"

"दहा बोअरी मारणाऱ्याला सरासरी उपयोगी पडते. तू एकच मारणार. ती कोरडी गेली तर तीन हिस्से कोरडे जात नाहीत, सगळी जाते."

"साडेआठ हजारांचा कागद बघितला की भावोजी नको म्हणतील." तिनं पदर सारखा केला. "सहाच्या आत बसवा. एवढं माझ्यासाठी करा."

तिचा आवाज फाटला नाही. फाटला असता तर अण्णांनी नाही म्हटलं असतं. त्यांनी शेवटची ओळ गाळून नवा कागद लिहिला. खाली नेहमीसारखी सही केली.

कागद बघून विश्वेश्वरानं पैसे पाठवले, पण पुढं सगळं उलट्या क्रमानं झालं. विजेच्या खांबांना वर्षाची रांग होती, म्हणून वसुमतीनं डिपॉझिट आधी भरून टाकलं, आणि नशिबानं रांग लवकर सरकून फाल्गुनातच खांब उभेही राहिले. मग बंगळुरातल्या बळेपेटेतला दुकानदार म्हणाला, पंपाचे भाव पुढच्या महिन्यात वाढणार. तिनं पंपही आणला. अण्णांनी ऐकलं तेव्हा ते रागावले, "अगं, पाणी दिसल्याशिवाय पंप कोण घेतं?" ती म्हणाली, "ज्याला पाण्याची खात्री असते तो." आणि हसली. पंप तिनं ओसरीवर गोणपाटाखाली ठेवला आणि रोज त्याला हळदकुंकू वाहिलं.

चैत्रात बोअर मारणाऱ्या देवाप्पाचं यंत्र आलं. ते छिद्रात पाणी ओतत, पोलादी छऱ्यांनी दगड घासत जायचं, दिवसाला पाच-सहा फूट. घासायला पाणी लागायचं, म्हणून तळ्यावरून बैलगाडीनं रोज चार पिंपं आणावी लागत.

"पाण्यासाठी पाणी," देवाप्पा म्हणायचा. "आमचा धंदाच उफराटा, अक्का. भूक लागावी म्हणून जेवायचं, तसं."

छिद्रातून दगडाचे गोल तुकडे निघत, वरवंट्यासारखे. अण्णा ते ओळीनं मांडून ठेवत, प्रत्येकावर खडूनं खोली लिहीत. दगडात भेग असेल तर तिथून पाणी येतं, आणि भेगेच्या कडेला तांबूस गंज दिसतो. सत्तर फुटांवर एक बारीक भेग दिसली. वसुमतीनं ती बोटानं चाचपली, आणि त्या दुपारी यंत्राच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती गुणगुणत होती:

*दगडाच्या गं कुशीत निजलं माझं पाणी,*
*हळू हाक मार दादा, दचकेल माझी राणी.*

नव्वदीनंतर दगड अखंड झाला. करडा, गुळगुळीत. शंभर, एकशेवीस, एकशेचाळीस. अण्णांचा खडू चालत राहिला आणि बोलणं कमी होत गेलं.

दीडशेला देवाप्पानं यंत्र थांबवलं. वसुमती छिद्रावर वाकली. खाली चमकत होतं.

"पाणी आहे, अण्णा."

"ते आपणच ओतलेलं आहे," अण्णा म्हणाले. "उपसून बघू."

दिवसभर दोरीला बांधलेल्या, नळीसारख्या लांब बादलीनं उपसा केला. उपसलेलं सगळं पाणी वसुमती झाडांच्या आळ्यात घालत होती. दुसऱ्या सकाळी अण्णांनी दोरीला दगड बांधून सोडला. वर आला तेव्हा दगडाजवळची तीन हात दोरी ओली होती, बाकी कोरडी. सत्तरीच्या भेगेनं रात्रभरात दोन घागरी दिल्या असतील.

देवाप्पा विडी विझवून जवळ आला. "स्वल्प खाली जाऊन बघू का, अक्का? दीडशेच्या पुढं फुटाला चोवीस."

सहा हजारांतले तीनशे अठ्ठेचाळीस उरले होते. म्हणजे चौदा फूट.

"पंप परत दिला तर?" वसुमतीनं विचारलं. "दुकानदार अकराशे देईल."

देवाप्पा म्हणाला, "मग साठ फूट होतील. दोनशेदहा. सांगता येत नाही, कधी कधी लागतं."

ती अण्णांकडे वळली. "तुमचे पैसे असते तर?"

हो म्हणणं सोपं होतं. कागदाच्या वेळी ते असंच सोपं हो म्हणून बसले होते. अण्णांनी दगडांच्या ओळीकडे बोट केलं.

"नव्वदीपासून एकही भेग नाही, वसु. साठ फुटांत लागलंच, तर वर काढायला पंप नसेल. आणि असता तरी हा जेट पंप एवढ्या खोलातून ओढत नाही. थांब."

"माझ्या जागी असता तर?"

"तुझ्या जागी मी खणत राहिलो असतो. पण मी तुझ्या जागी नाही, म्हणून तर तू मला विचारलंस."

ती खाली बसली, दगडांच्या शेजारी. यंत्राच्या डिझेलचा वास आणि चक्कोत्याच्या फुलांचा वास एकत्र येत होता. झाडांना काही कळलं नव्हतं, त्यांनी कालच्या पाण्यावर बहर उमलवला होता.

"सरी, थांबूया," ती शेवटी म्हणाली. "काढा केसिंग."

बेचाळीस फुटांपैकी विकण्याजोगं एकतीस फूट वर आलं. उरलेलं मातीनं धरून ठेवलं. देवाप्पानं छिद्राच्या तोंडावर दगड बसवला, पोरंबाळं पडू नयेत म्हणून, आणि बक्षिसीचे पाच रुपये घ्यायला नको म्हणाला.

यंत्र गेल्यावर अण्णा तिथंच बसून राहिले. त्यांना माफी मागायची होती.

"तो कागद मी लिहायला नको होता," ते म्हणाले.

"मीच लिहून घेतला." वसुमती उठली. तिनं घागर उचलली. "भावोजी आषाढात न्यायला येतील. घागरीच्या पाण्यावर झाडं तोवर तगतील का, अण्णा?"

अण्णांनी झाडांकडे बघितलं, तळ्याच्या वाटेकडे बघितलं. "बावीसमधली आठ तगतील. रोज सोळा घागरी लागतील."

"मग ती आठ दाखवा," ती म्हणाली.

अण्णा उठले. आणि एकेका झाडाच्या खोडावर हात ठेवत, कोणतं जगवायचं आणि कोणतं सोडायचं ते तिला सांगू लागले.