परत फिरलेलं पार्सल

नानासोंच्या फोनवर सकाळी जावयानं, शिवतेजनं, कुरिअरच्या ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच ओळ : "पाठवलं होतं. आता माझ्या नावानं बोंबलू नका."

इंग्रजी अक्षरं बघून नानासोंनी फोन मुलापुढं, मल्हारपुढं धरला. औंधच्या स्टँडवर मल्हारचं मोबाइलचं दुकान होतं.

"काय म्हंतंय रं? अंकिता सांगलीत होस्टेलवर वाट बघतीया."

पार्सलात अंकिताची नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं होती. ती प्रमाणपत्रं तिच्या सासरी, साताऱ्यात राहिली होती. शुक्रवारी सांगलीत नोकरीसाठी कागदपत्रांची तपासणी होती आणि आज गुरुवार होता.

मल्हारनं तारखा खालून वर वाचल्या. सोमवारी साताऱ्यात बुकिंग. मंगळवारी सांगलीत पोचलं. बुधवारी वाटपाला निघालं, दुपारी नाकारलं. रात्री परत साताऱ्याला रवाना.

"घेणाऱ्यानं नाकारलं, असं लिव्हलंय."

"ती कशाला नाकारंल?"

मल्हारनं स्क्रीनशॉटवरचा पार्सल नंबर सांगून सांगलीच्या शाखेत फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "पार्सलावरच्या नंबरला आमच्या पोरानं फोन केला होता. नको म्हणाले, म्हणून ओटीपी पाठवला. तो त्यांनी सांगितला, मगच नाकारल्याची नोंद झाली."

"नंबर कुठला?"

तिनं शेवटचे चार आकडे वाचले. नंबर शिवतेजचा होता. घेणाऱ्याचं नाव अंकिताचं लिहून फोन नंबर त्यानं स्वतःचा घातला होता.

मल्हारनं अंकिताला पाठवायला सगळं टाइप केलं. नानासोंनी त्याचा हात धरला.

"ते लिवू नगंस. थोडक्यात कळव. उद्या तिला त्याच घरात नांदायचं हाय."

"आवं, पर त्यानं मुद्दाम केलंय."

"म्हायती हाय मला. लिव मी सांगतो तसं."

मल्हारनं लिहिलं : "ताई, पार्सल सांगलीपर्यंत आलं होतं, पण पत्ता सापडला नाही म्हणून साताऱ्याला परत गेलं. उद्यापर्यंत मिळणार नाही. तपासणीला मुदत मागून बघ."

अंकितानं मुदत मागितली. मिळाली नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला : "माझीच चूक. होस्टेलचा खोली नंबर द्यायला विसरले. ह्यांना उगाच ताप झाला. आत्ताच फोन करून माफी मागितली. लय चिडलेत."

मल्हारनं तो दोनदा वाचला. मग वडिलांना न विचारता खरं होतं ते सगळं लिहून पाठवलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर आलं.

"तुला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"काल कळलं असतं तर मी निदान माफी तरी मागितली नसती."

मल्हारनं फोन लावला. तिनं तो कट केला. नानासो समोरच बसले होते. "काय म्हंती?" त्यांनी विचारलं.

मल्हारनं दुकानाचं शटर ओढायला घेतलं.