पिसणारीचं चाक

मंजुळाबाईंना सून नागपूरला जायला नको होती, आणि हे स्वतः म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून वर्तकनगरला, टॅरोचे पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या भाची शीलाकडे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का! पण मोहन्याहून रिक्षा करून आल्या, सोबत ही सून रसिका आणि तिचा नवरा, मूग गिळून बसलेला मुलगा सर्वेश.

रसिकाच्या बँकेने तिला बढती दिलेली, नागपूरच्या बदलीसकट. सोमवारपर्यंत होकार द्यायचा, नाहीतर बढती दुसऱ्याला.

"हिने घर सोडून जावं का, एवढंच विचार," म्हणत मंजुळाबाईंनी गड्डी स्वतःच उचलली आणि रमीला बसल्यासारखी फटाफट पिसली. शीला काही बोलायच्या आत कापूनही झाली. रसिकाला संताप आला. नोकरी तिची, आयुष्य तिचं, आणि पत्त्याला बोटही लावू दिलं नाही!

शीलाने तीन पत्ते मांडले. परिस्थिती, अडथळा, सल्ला. पहिल्यावर नाणी छातीशी कवटाळून बसलेला माणूस. दुसरं दैवाचं चाक, उलटं.

"बघ! उलटं पडलं. जाऊ नकोस म्हणतंय," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मावशी, हा पत्ता हो-नाही सांगत नाही," शीला म्हणाली. "चाकावर एका बाजूने साप उतरतोय, दुसरीकडून एक जण चढतोय. बदली बाहेरून आलीय, आपल्या हातातली नाही. सुलटं असतं तर म्हटलं असतं, वळण आलंय, त्याच्याबरोबर चला. उलटं म्हणजे चाक फिरतंच, पण कोणीतरी ते धरून बसलंय. आणि तेही अडथळ्याच्या जागी."

"तेच. ही हट्ट धरून बसलीय."

"पत्ते पिसले कोणी? पिसतो त्याचंच वाचन होतं. हे तुमचं आहे, मावशी."

मंजुळाबाईंचा चेहरा पडला. तिसऱ्या पत्त्यावर होडी होती, पैलतीराकडे निघालेली. शीला हलकेच म्हणाली, "सल्ला आहे, जाणाऱ्याला जाऊ द्या."

"मावशीला धडे देतेस?" त्या उठल्या. "रसिका, गेलीस तर या घराचं दार तुला बंद."

शीलाने पत्ते गोळा करून रसिकापुढे धरले. "तू पिसतेस?"

"नको. मला काही विचारायचंच नव्हतं." रसिकाने फोन काढला आणि तिथेच, सासूच्या डोळ्यांदेखत, होकाराची मेल पाठवली. 

तेव्हा कुठे सर्वेशला वाचा फुटली. "आणि माझं काय?"

"तुला महिनाभर विचारतेय, येतोस का," रसिका म्हणाली. "दर वेळी आईकडे बघितलंस. आताही तिच्याकडेच बघतोयस."

आणि तो खरंच तिकडेच बघत होता.