खोली नंबर तीनचं दार

पुनमच्या कपाळावरून घामाचा थेंब साधारण दर चार मिनिटांनी पडत असे, आणि दर वेळी कीबोर्डवरच्या लांब पट्टीच्या डाव्या टोकालाच पडत असे. तिनं हे तीनदा घड्याळ लावून पाहिलं होतं. मे महिना, जळगाव, सकाळचे दहा, भिंतीवरच्या तापमापकात एकोणचाळीस. ऑफिसात टेबल फॅन एकच, आणि त्याचं तोंड मेल सर्व्हरकडे. सर्व्हर तापला की बंद पडायचा. माणसं तापली तरी कामावर यायची.

प्रेमराजभाऊंचं केळीचं शीतगृह होतं. थंड खोल्या चार, धुळ्याला एक शाखा. ऑफिससाठी कूलर घ्यायचा विषय तीन उन्हाळे चालू होता. भाऊ म्हणत, "पाहू," आणि मग पाऊस येई.

सध्या मात्र कूलरपेक्षा मोठी अडचण उभी होती. कुठल्या ट्रकमध्ये किती क्रेट चढले, याचा मेल व्यापाऱ्यांना जायचा. पंधरा दिवसांपासून तो चार-चार तास उशिरा पोहोचू लागला होता. गुरुवारी तर ट्रक इंदूरला पोहोचला, आणि तो कुणासाठी हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊंनी सांगून टाकलं की शनिवारी चार वाजेपर्यंत कारण कळलं नाही, तर सोमवारपासून मेलचं काम नाशिकच्या कंपनीला जाईल आणि पुनम धुळ्याच्या शाखेत क्रेट मोजायला जाईल. नाशिकची कंपनी हिशेबनीस हितेंद्रच्या साडूची होती, त्यामुळे हितेंद्रला या निर्णयात खूप दूरदृष्टी दिसत होती.

आज शनिवार होता. पुनमनं मेल सर्व्हरच्या आदल्या दिवसाच्या नोंदी पीएफलॉगसम या प्रोग्रामला दिल्या. हजारो ओळींची फाईल वाचून तो दिवसाचा गोषवारा काढतो: किती मेल आले, किती पोहोचले, किती नाकारले, किती लांबणीवर पडले, सर्वांत जास्त कुणी पाठवले.

हितेंद्र मागे येऊन उभा राहिला. "नाकारले तीनशे बारा," त्यानं मोठ्यानं वाचलं. "तीनशे बारा गिऱ्हाइकं दारातून हाकलली तू."

पुनमनं त्याला तपशील दाखवला. कुठलीतरी परदेशी यंत्रं आपल्या सर्व्हरमार्फत भलत्याच लोकांना मेल पाठवू पाहत होती, काही तर ऑफिसात नसलेल्या माणसांच्या नावानं मेल टाकत होती. सर्व्हरनं त्यांना आत घेतलं नाही, एवढंच. हितेंद्रनं ते ऐकून घेतलं आणि तीनशे बारा हा आकडा हातावर लिहून ठेवला.

तिची नजर दुसऱ्याच ओळीवर होती. लांबणीवर पडलेले मेल ५४७, आणि शेजारी कंसात ९,७३६. पहिला आकडा मेलचा, दुसरा प्रयत्नांचा. एखादा मेल पोहोचला नाही की सर्व्हर तो सोडून देत नाही. थोडं थांबून पुन्हा जातो, मग आणखी थांबून पुन्हा, असा पाच दिवस. हे साडेपाचशे मेल दिवसभरात पावणेदहा हजार वेळा त्याच दारावर थाप मारून आले होते.

दार कुणाचं, हे खाली कारणांच्या यादीत होतं. जवळजवळ सगळे मेल हिलालनानांना जाणारे, आणि कारण एकच: मेलपेटी भरलेली आहे. दुसरं कारण व्यापाऱ्यांच्या मेलपुढे होतं: तुमच्याकडून फार मेल येत आहेत, जरा दमानं घ्या. व्यापारी आणि नाना, दोघांच्याही पेट्या त्याच फुकटच्या मेलसेवेत होत्या. नानांच्या दारावरच्या धडकांनी ती सेवा वैतागली होती आणि व्यापाऱ्यांचे मेलही खोळंबवत होती.

हिलालनाना म्हणजे इथल्याच शीतगृहाचे जुने मॅनेजर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पुनमनं फोन लावला आणि पेटी कशी भरली ते विचारलं.

"त्याम्हा बठ्ठा नातूना फोटू शेतस," नाना समाधानानं म्हणाले. नातवाचा एकही फोटो पुसणार नाही, हेही त्यांनी ऐकवलं.

आता प्रश्न उरला तो नानांना एवढं लिहितं कोण, याचा. गोषवाऱ्यात पाठवणाऱ्यांच्या यादीत पहिला नंबर 'खोली ३' असा होता: एकशे दहा मेल. थंड खोलीचं दार उघडं राहिलं की तिथलं यंत्र दर मिनिटाला सूचना पाठवायचं, आणि बसवणाऱ्यानं तेव्हाच्या मॅनेजरचा पत्ता घालून ठेवला होता. तासवार तक्त्यात हे मेल एकच्या आणि दोनच्या रांगेत ढीग करून बसले होते.

मिनिटांचा हिशेब गोषवारा देत नाही. पुनमनं चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: या आठवड्याच्या नोंदींतून खोली तीनचे मेल निवडायचे, आणि प्रत्येक दिवसाचा पहिला, शेवटचा आणि एकूण सांगायचं. शुक्रवारी एक वाजून सात ते दोन छप्पन्न. गुरुवारी एक पाच ते दोन चोपन्न. सोमवारी आणि बुधवारीही तसंच. मंगळवारी शून्य.

मंगळवारी भाऊ पाचोऱ्याला लग्नाला गेले होते.

पुनमनं पडद्याकडे पाहिलं. एक थेंब पट्टीवर पडला. दुपारी एक ते तीन भाऊ मालाची फेरी मारतात आणि त्या वेळी शीतगृहाकडे कुणी फिरकायचं नाही, असा नियम होता. तिनं वॉचमन छगनला बोलावून खोली तीनमध्ये काय आहे ते विचारलं. छगननं आपल्या चपलांकडे पाहिलं. म्हणाला, "केळी आहेत, ताई. आणि एक खाट."

चारच्या आत तिनं सूचनांचा पत्ता बदलला, यंत्राला दर मिनिटाऐवजी अर्ध्या तासानं लिहायला लावलं आणि नानांसाठी खोळंबलेले सगळे मेल रांगेतून काढून टाकले. व्यापाऱ्यांचे मेल एकेक करून सुटू लागले. मग ती कागद घेऊन भाऊंच्या केबिनमध्ये गेली. मागून हितेंद्र हातावरचा आकडा घेऊन आला.

पुनमनं गोषवारा वाचला. नाव कुणाचंच घेतलं नाही. खोली तीनचं दार रोज एक ते तीन उघडं असतं, मंगळवारी उघडलं नाही, एवढंच सांगितलं.

भाऊंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

हितेंद्र मात्र उत्साहात आला. गुन्हेगार आता सापडलाच, मंगळवारी जो गैरहजर तोच. तो धावत जाऊन हजेरीपट घेऊन आला आणि बोटानं ओळ न् ओळ तपासू लागला. मंगळवारी सगळे हजर होते. त्यानं पुन्हा पाहिलं.

"भाऊ, या पटातला एकही नाही," तो म्हणाला. "म्हणजे पटावर ज्याचं नावच नाही असा कुणीतरी..." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्यानं पट मिटला आणि हातावरचे तीनशे बारा अंगठ्यानं पुसायला सुरुवात केली.

भाऊंचा सदरा पाठीला चिकटला होता.

"दार लावून घेतलं की आतली कडी निघत नाही," भाऊ शेवटी टेबलाकडे पाहत म्हणाले. "म्हणून दारात क्रेट लावून ठेवतो."

पुनमनं मान हलवली. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. "सूचना आता नानांना जाणार नाही, भाऊ. तुमच्या पत्त्यावर येईल. झोपेत असलात तरी फोन वाजेल."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, हितेंद्रच्या अर्धवट पुसलेल्या हाताकडे पाहिलं. नाशिकच्या कंपनीला फोन करून नको म्हणून सांग, असं त्यांनी हितेंद्रला सांगितलं. मग दाराबाहेर घुटमळणाऱ्या छगनला हाक मारली.

"ती खाट बाहेर काढ," ते म्हणाले, "आणि टेम्पो घेऊन बाजारात जा. दोन कूलर आण."