नलूताईंच्या जागेचा तक्ता

नलूताई गेल्या त्याला पावसाळा उलटून गेला, तरी चिंचपोकळीच्या त्या ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमध्ये त्यांच्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं. खुर्ची काही कोणी अडवून ठेवली नव्हती. जो तो आपला उभ्यानेच फाईल लिहायचा.

नलूताई तिथल्या इन्चार्ज टेक्निशियन. फणसवाडीतल्या घरी रात्री जेवून झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत. संघमित्रा त्यांच्या हाताखाली तयार झालेली. पेशंटला सुई कशी लावायची, मशीनचा अलार्म वाजला की आधी कुठे बघायचं, सगळं त्यांच्या पाठीशी उभं राहून शिकलेली. म्हणूनच की काय, सर्वांत जास्त त्रास तिला व्हायचा. सुई हातात घेतली की कानाशी आवाज यायचा, ‘मशीनकडे नंतर बघ गं, आधी माणसाच्या तोंडाकडे बघ.’ एकदा तर तिने मोठ्याने ‘हो ताई’ म्हटलं. खाटेवरचे काका दचकून तिच्याकडे बघायला लागले.

ट्रस्टच्या ऑफिसातल्या आकांक्षा मॅडमनी एक दिवस तिला बोलावलं. “इन्चार्जची जागा भरायचीय. तू का नाही टाकत नाव?”

“मी? मॅडम, नलूताईंचं काम मला नाही जमणार.”

“जमणार नाही म्हणजे नेमकं काय जमणार नाही?”



मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. “हे बघ, साधं आहे. एका खाली एक कामं लिही, इन्चार्जला करावी लागतात ती. समोर दोन रकाने. एकात तू आज कुठे आहेस, दुसऱ्यात त्या जागेला किती लागेल. शून्य म्हणजे माहीतच नाही. एक म्हणजे करताना बघितलंय. दोन, कोणी सोबत असेल तर करते. तीन, एकटी करते. चार, दुसऱ्याला शिकवू शकते. आणि नुसता आकडा नको हां. शेजारी पुरावा लिही, हे शेवटचं कधी केलंस, कोणी बघितलं. मग जिथे फरक मोठा, तिथे पुढे काय करायचं ते.”

त्या आठवड्यात संघमित्रा परळच्या घरी खिडकीशी बसून तो तक्ता करत राहिली. इन्चार्जला काय काय करावं लागतं? ते आठवायचं तर नलूताईंचा सगळा दिवस आठवायला लागत होता. सकाळी कुलूप काढणाऱ्या नलूताई. पाळ्या लावणाऱ्या. सामान मागवणाऱ्या. डॉक्टरांशी वाद घालणाऱ्या. पेशंटचं बीपी कोसळलं की खाटेची पायाकडची बाजू वर करून लगेच सलाईन सोडणाऱ्या. एक एक ओळ लिहिली की बाई समोर उभी. आई म्हणाली, “कोणाशी बोलतेस गं?” संघमित्राने पेन खाली ठेवलं. आपण बोलत होतो हे तिला कळलंच नव्हतं.

‘लागेल’च्या रकान्यात तिने वरपासून खालपर्यंत चार लिहिले. एकूण एक चार. स्वतःच्या रकान्यात दोन, तीन, दोन, एक.

मॅडमनी तक्ता बघितला आणि चष्मा काढला. “हे जागेला किती लागतं ते नाहीये, संघमित्रा. ह्या नलूताई आहेत.”

संघमित्राचे डोळे भरून आले.

“त्यांच्याशी नाही तुलना करायची. सामान मागवायला चार कशाला हवेत? तीन पुरे. डॉक्टरांशी बोलायला तीन. आणि हे बीपीचं तू दोन लिहिलंयस. मागच्या महिन्यात एकटीने सांभाळलंस ना? तुझ्याबरोबरची दीपिका सांगत होती.”

“डॉक्टर आले होते नंतर.”

“नंतर. म्हणजे तीन.” मॅडमचं बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं. “पाण्याची तपासणी. इथे तू एक लिहिलंयस?”

डायलिसिसला पाणी लागतं ते आरओ रूममध्ये शुद्ध होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी कोळशाच्या दोन टाक्यांत अडतं. ते पुढे सुटलं तर पेशंटच्या रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून पाळी सुरू करण्याआधी रोज पट्टीने पाणी तपासायचं; क्लोरीन असलं की पट्टीला रंग चढतो.

“पट्टी बघते मी, ताई गेल्यापासून,” संघमित्रा म्हणाली. “पण ती बिघडलेली कधी आलीच नाही. आली तर काय करायचं ते... ताई त्या खोलीत कोणाला येऊ देत नव्हत्या. ‘राहू दे, मी बघते,’ म्हणायच्या.”

“मग त्यांचे इथे चार कसे?”

संघमित्राने मनातल्या मनात आकडे पुन्हा लावून बघितले. चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकते. नलूताईंनी तर कधीच कोणाला शिकवलं नव्हतं. ह्या एका ओळीत त्या तीनच होत्या. आणि जागेला मात्र खरोखर चार लागत होते. तिला बाईंचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग येतो ह्याचीच तिला भीती वाटली.

त्या ओळीपुढे तिने लिहिलं : ‘प्रफुल्लकडून शिकणे.’ प्रफुल्ल म्हणजे प्लांटची देखभाल करणारा इंजिनीयर. सेंटर बंद असायचं त्या रविवारी तो आला. पहिल्या टाकीनंतरचा नळ, दुसऱ्या टाकीनंतरचा नळ, प्लांट थोडा वेळ चालू दिल्यावरच नमुना का घ्यायचा, सगळं त्याने समजावून तिच्याकडून करून घेतलं. मध्येच म्हणाला, “सारखी मागे काय बघतेस? कोणी नाहीये इथे.” तिने खोटंच हसून घेतलं. मानेवर कोणाचा तरी श्वास जाणवत होता. पुढच्या रविवारी तिने एकाचे दोन केले. तीन करावेसे वाटले, पण एकटीने केल्याचा पुरावा नव्हता.

दिवाळी तोंडावर आली असताना एके सकाळी पट्टीला रंग चढला.

तिने दुसरी पट्टी घेतली. पुन्हा रंग. दुसऱ्या टाकीनंतरच्या नळाचं पाणी घेतलं. तिथे फिका, पण मर्यादेच्या वरच. बाहेर पेशंट वजन करून खाटांवर टेकत होते. खोलीत पंपाची घरघर, आणि तिच्या मागे, अगदी लगटून, ‘राहू दे, मी बघते.’

“नाही ताई,” ती म्हणाली. “तुम्ही नाही बघू शकत.”

ती बाहेर आली. सहकारी दीपिका पहिल्या खाटेपाशी मशीन लावायच्या तयारीत होती.

“दीपिका, थांब. कोणालाच जोडायचं नाही.”

“अगं, रामजीकाका कालपासून सुजलेत!”

“माहितीय मला. पाणी खराब आहे. कोणालाच नाही.”

तिने डॉक्टरांना फोन केला, मग प्रफुल्लला. पेशंट चिडले, एका बाईने तर रडून गोंधळ घातला. “नलूताई असत्या तर असं झालं नसतं,” कोणीतरी बोललंच. ज्यांना थांबणं शक्य नव्हतं त्यांची डॉक्टरांनी दादरच्या एका सेंटरमध्ये सोय लावली. रामजीकाकांना पहिल्या टॅक्सीत बसवून संघमित्राने दार लावलं आणि ती आरओ रूमकडे वळली.

दोन्ही टाक्यांतल्या कोळशाची ताकद संपली होती. कोळसा बदलायची मुदत नलूताईंच्या डोक्यात होती, आणि ती त्यांच्याबरोबरच गेली होती. नवीन कोळसा भरून, पाणी पुन्हा तपासून झाल्यावरच सेंटर सुरू झालं.

जागा संघमित्राला मिळाली. मॅडमनी विचारलं, तेव्हा पाण्याच्या ओळीत तिने तीन लिहिले, पुराव्यात त्या सकाळची तारीख. फरक अजून एकाचा होता.

तो भरायला आठवडाभर तिने दीपिकाला सोबत घेऊन पाणी तपासलं, आणि सोमवारी आरओ रूमची किल्ली आणि पट्ट्यांची डबी तिच्या हातात दिली. “तू कर. मी बाहेर आहे.”

दार बंद झालं. आत पंप सुरू झाला. संघमित्रा भिंतीला टेकून उभी राहिली. आत शिरून दीपिकाच्या हातातली पट्टी ओढून घ्यावी, ‘राहू दे, मी बघते’ म्हणावं, असं तिला इतकं अनावर वाटलं की तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. तोंडापर्यंत आलेले शब्द कोणाचे होते, हे तिला ठरवता येईना.