मध्यम आच

सासूबाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या आणि आता कायमच्या राहायच्या गोष्टी करत होत्या. कारण फ्रीझर. "माझी मुलगी बर्फातलं खाते," हे त्यांनी फोनवरून सगळ्या नात्यागोत्यात पोचवलं होतं. परवाचं परतीचं तिकीट रद्द करायचं की नाही, ते लेक आज जेवताना ठरवणार होती. स्वयंपाक जावयाकडे होता. नोकरी सध्या तिलाच होती.

"जावईबापू, ते पराठे बाहेर काढून ठेवा की जरा. गारठा जाऊ दे."

"मग लिबलिबीत होतात. प्लास्टिकला चिकटून फाटतात. दगडासारखा असतानाच तव्यावर टाकायचा."

"हो का! दगड भाजायला शिकलात तर."

त्याने तवा मध्यम आचेवर तापवला, दोन्हीकडचं प्लास्टिक सोलून पराठा कोरडाच टाकला आणि बाटलीतलं तेल वाटीत काढायला वळला. तेवढ्यात सासूबाईंनी गॅस मोठा केला आणि डब्यातलं पळीभर तेल ओतलं.

तो वळला तेव्हा धूर निघत होता. पराठा वरून कोळसा, मधोमध गार नि पांढरा. सासूबाईंनी तो अदबीने ताटलीत काढून टेबलावर ठेवला, पुरावा म्हणून.

"लेकीला दाखवते."

"आच तुम्ही वाढवलीत."

"मी? मी पाहुणी बाई!"

दारात लेकीच्या चपला वाजल्या. पाकिटात एकच पराठा उरला होता.

त्याने तवा पुसून पुन्हा मध्यम आचेवर ठेवला आणि या वेळी एक हात बटणावरच ठेवला. पराठा कोरडाच टाकला. दोन मिनिटं. उलटला, पुन्हा दोन मिनिटं. आतला बर्फ सुटला, पिठाचा कच्चेपणा गेला, तेव्हा कुठे अर्धा चमचा तेल कडेने सोडलं, उलथन्याने दाबलं, मिनिटभराने उलटून दुसऱ्या बाजूला तेवढंच. सोनेरी ठिपके उठले, पदर सुटे झाले.

"एवढ्या वेळात माझ्या दहा पोळ्या होतात," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना. आणि आल्यापासून एकही झाली नाही."

लेक हात धुऊन बसली. आईने काळा पराठा पुढे सरकवला. "बघ, काय खायला घालतो."

तिने तो मोडला, मधला कच्चा गोळा बोटाने दाबला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने दुसरा वाढला. तिने तोही मोडला. वाफ आली. ती खात राहिली, अर्ध्यावर आल्यावर म्हणाली, "आई, हा काळा कोणी केला?"

"त्याच्याच तव्यावर झाला."

"हा एवढं तेल घालत नाही. तिकीट रद्द नको करूस."

सासूबाईंनी तिच्या ताटातला तुकडा उचलला आणि खडा शोधावा तशा बराच वेळ चघळत राहिल्या. खडा निघाला नाही.

"मैदा आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"पाकिटावरच लिहिलंय," जावई म्हणाला.

त्या उठल्या आणि बॅग भरायला आत गेल्या. दार इतक्या जोरात लागलं की तवा हलला.