समोरच्या फ्लॅटचं टिपण

समोरचा फ्लॅट विकायचा आहे हे मला एजंटाने जिन्यात सांगितलं. चावी त्याच्याच हातात होती. दार उघडून त्याने दिवा लावला आणि मी कित्येक महिन्यांनी त्या हॉलमध्ये उभा राहिलो. भिंतीवर जुन्या घड्याळाचा गोल डाग तेवढा होता.

"काका, तुम्हाला दाखवायची गरजच नाही," एजंट म्हणाला. "नकाशा तुमच्याच घराचा, फक्त उलटा. घ्या, भाड्याने द्या. भाडेकरू मी आणतो. तुम्ही नुसतं खुर्चीत बसून मोजायचं."

"खुर्चीत तर बसलेलोच आहे," मी म्हणालो.

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

त्या घरात आमचे शेजारी राहायचे, माझ्याहून वयाने मोठे नवरा-बायको. शेजारीणबाई आणि माझी बायको दिवसभर दोन्ही दारं उघडी ठेवून कामं करायच्या. एक इकडून बोलायची, दुसरी तिकडून उत्तर द्यायची, आणि मला पेपर वाचता यायचा नाही. मी कुरकुरायचो. मग शेजारी मुलाकडे राहायला गेले, आणि वर्षाच्या आत माझी बायको गेली. तेव्हापासून संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर आलं की दोन बंद दारं दिसतात. त्यातलं एक माझं.

मला तो फ्लॅट हवा होता. पण तो का हवा हे मेहुण्याला सांगायची सोय नव्हती.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हिशोबतपासनीस आहे. आमच्या घरात कुठलीही मोठी खरेदी त्याच्या नजरेखालून जाते. त्याची एक अट असते: काय घ्यायचं आणि का, ते कागदाच्या एका बाजूवर मावलं पाहिजे. "दोन बाजू लागल्या की समजायचं, माणूस स्वतःला पटवतोय," असं तो म्हणतो. बायकोच्या नोकरीचे पैसे बँकेत मुदत ठेवीत होते आणि ठेव संपत आली होती. ते पैसे आणि माझी शिल्लक मिळून फ्लॅट कर्जाशिवाय येत होता.

मी टिपण लिहायला घेतलं. आमचा एक फ्लॅट आधीपासून भाड्याने आहे, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे मला माहितीची कमी नव्हती. समोरच्या फ्लॅटची किंमत चाळीस लाख. भाडं महिना तेरा हजार, वर्षाचं एक लाख छप्पन्न. इमारतीचा देखभाल खर्च आणि घरपट्टी मिळून अठ्ठावीस हजार. दुरुस्ती चार हजार. रिकामे महिने शून्य. हाती राहतात एक लाख चोवीस हजार, म्हणजे किमतीवर तीन पूर्णांक एक टक्के. त्याखाली मी लिहिलं, 'शिवाय जागेची किंमत वाढेल.' कागद अर्धाच भरला. मला बरं वाटलं.

मेहुणा रविवारी आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने कागद नाकाजवळ धरला.

"भाऊजी, चाळीस लाखांवर टक्के काढलेत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, एजंटाची दलाली, रंग, गिझर, पंखे हे सगळं कोण देणार? सासरे?"

"तुझ्या वडिलांनी मला एक घड्याळ दिलं होतं. तेही बंद पडलं."

"तेच सांगतोय. सगळं धरून चव्वेचाळीस होतात. भागाकार चव्वेचाळीसने करायचा. बरं, ही दुरुस्ती चार हजार कुठून आणलीत?"

"आपल्या फ्लॅटवरून. सहा वर्षांत कधी जास्त लागलेच नाहीत."

"आणि रिकामे महिने शून्य?"

"तेही तिथलंच. सहा वर्षांत एकच भाडेकरू. एक दिवस रिकामा नाही."

त्याने चष्मा खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"तो फ्लॅट ताई चालवायची, भाऊजी."

"चालवायची म्हणजे काय? भाडं बँकेत जमा होतं."

"आता होतं. आधी ती पहिल्या तारखेला स्वतः जायची. मी विचारलं होतं एकदा, एवढी पायपीट कशाला, फोनवरून पैसे येतात. म्हणाली, पैशाला कोण जातंय, मी नळ बघायला जाते." त्याने कागदावर बोट ठेवलं. "हे चार हजार तिच्या फेऱ्यांसकट आहेत. तिचा पगार धरलात का? धरला असता तर हे आकडे आले नसते. तुम्ही या आकड्यांवर नवा फ्लॅट घेताय, आणि तो चालवायला ती नाही."

मी चहा करतो म्हणून उठलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की ती गेल्यापासून मी त्या फ्लॅटवर एकदाही गेलो नव्हतो. भाडं येत होतं, मला वाटलं सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी गेलो. भाडेकरू म्हणजे शाळेतली शिक्षिका, सोबत तिची आई. दार शिक्षिकेनेच उघडलं. मला बघून ती गडबडली आणि सोफ्यावरच्या वह्या उचलायला लागली.

"काका, तुम्ही? फोन करायचा ना."

"सहज आलो. नळ बघायला."

तिने बाथरूमचं दार उघडलं. बेसिनखाली बादली होती, पाऊण भरलेली. पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला खालून कमरेएवढी ओल आली होती आणि रंग पापडासारखा सुटला होता. तिथला पलंग त्यांनी खोलीच्या मध्यात ओढून ठेवला होता.

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

"मला सांगायचं ना, बाई."

"काकू असताना सांगावं लागायचं नाही," ती म्हणाली. "यायच्या, सगळे नळ सोडून बघायच्या, फ्लशची टाकी उघडायच्या. प्लंबरला इथूनच फोन लावायच्या. तुम्हाला कसा करणार? तुमच्यावर एवढं ओढवलेलं, आणि मी बेसिनचं रडगाणं गाऊ?"

आतून तिची आई म्हणाली, "सांगून टाक त्यांना. उगीच आडून काय बोलतेस."

शिक्षिकेने वह्या खाली ठेवल्या. "आम्ही दुसरी जागा बघतोय, काका. आईला ओलीचा त्रास होतो. या आठवड्यात तुम्हाला कळवणारच होते."

मी मान हलवली. बादली उचलून ओतली आणि परत ठेवली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

बायकोचा प्लंबर मला ओळखत नव्हता. फोनवर बायकोचं नाव सांगितल्यावर ओळखलं. आला, बेसिनखाली आडवा झाला, आणि आतूनच बोलायला लागला.

"बाईंनी हे इतकं होऊ दिलं नसतं. कुठे आहेत त्या?"

मी सांगितलं. पान्ह्याचा आवाज थांबला.

"माझ्याशी फार भांडायच्या हो," तो म्हणाला. "शंभर सांगितले की साठ देणार, आणि वर म्हणणार, पुढच्या वेळी नीट बसव. साहेब, तुम्ही भांडणार का?"

"मला भांडता येत नाही."

"मग माझं अवघड आहे. सवय गेली ना एका दमात पैसे घ्यायची."

पाइप भिंतीच्या आत सडला होता. टाइल फोडायच्या, पाइप बदलायचा, भिंत वाळू द्यायची, मग गिलावा आणि रंग. खर्च चाळीस हजारांच्या घरात. वेळेवर बघितलं असतं तर एका जोडावर भागलं असतं.

घरी येऊन मी नवा कागद घेतला. एकूण खर्च चव्वेचाळीस लाख. भाडं एक लाख छप्पन्न. वर्षाला एक महिना रिकामा धरला, तेरा हजार वजा. देखभाल आणि घरपट्टी अठ्ठावीस. दुरुस्ती पंधरा, कारण एखाद्या वर्षी काहीच लागत नाही आणि एखाद्या वर्षी पाइप सडतो. राहिले एक लाख. म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, आयकर वेगळा. बँक न हलता याच्या तिप्पट देत होती. जागेची किंमत वाढेल हे वाक्य मी खोडलं. वाढेलही, पण ते मला माहीत नव्हतं. शेवटी लिहिलं, 'देखरेख: कोणी नाही.'

मेहुण्याला फोनवर वाचून दाखवलं.

"आता हिशोब बरोबर आहे," तो म्हणाला. "पण भाऊजी, आता खरं सांगा. तुम्हाला भाड्याची काय पडलीय? तुमचं पेन्शनमधलंच उरतं. फ्लॅट कशाला हवा होता?"

मी म्हणालो, "समोरचं दार उघडं राहावं म्हणून."

फोनवर त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग तो बंद झाला.

"भाडेकरू दोघंही नोकरी करणारी निघाली तर?" त्याने हळू विचारलं. "सकाळी कुलूप, रात्री कुलूप. दार उघडं ठेवा असं करारात कुठे लिहिणार?"

"नाही लिहिता येणार."

"तेवढ्यासाठी ताईचे पैसे घालू नका. वाटलं तर माझ्याकडे या चार दिवस."

"बघू," मी म्हणालो. आम्हा दोघांनाही माहीत होतं की मी जाणार नाही.

एजंटाला नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, "काका, हातचं घालवताय." महिनाभरात फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. घेणारा दुसऱ्या गावचा, त्याला भाडेकरूची कटकटच नको होती. नवं कुलूप लावून गेला तो गेला. दाराला रंग तेवढा नवा आहे.

शिक्षिकेच्या घरची भिंत वाळली. ती म्हणाली, परीक्षा होईपर्यंत राहते, मग ठरवते. मी भाडं वाढवलं नाही. रिकाम्या महिन्यापेक्षा ते स्वस्त पडतं, हे बायकोला बहुतेक कागदाशिवाय कळत होतं.

आता पहिल्या तारखेला मी जातो. परवा शिक्षिकेच्या आईने दार उघडलं आणि आत वळून मुलीला सांगितलं, "नळवाले काका आले." मी चप्पल काढली. आधी स्वयंपाकघरातला नळ सोडला, मग बेसिनचा, मग बाथरूमचा. बेसिनखाली हात फिरवून बघितला. हात कोरडा होता. फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं, आतला पितळी दांडा नवा होता, कुणीतरी काही वर्षांपूर्वी बदललेला. झाकण नीट बसेना. वयस्कर आई दारात उभी होती.

"त्या उलटं फिरवायच्या," ती म्हणाली.

उलटं फिरवलं. बसलं.

चालत घरी आलो. लिफ्टमधून बाहेर पडलो, समोरच्या दाराकडे न बघता माझी चावी काढली. आत गेल्यावर जरा विचार केला आणि माझं दार उघडंच ठेवलं. जिन्यातला दिवा आपोआप विझतो, तोपर्यंत.