मेली तुमची आई

फ्रिजवर चिकटवलेला कागद काझुयोला तोंडपाठ होता. वृद्धांच्या मदतकेंद्रातल्या परिचारिका कुवाबाराबाईंनी तो स्वतः आणून दिला होता आणि ओळ न् ओळ बोट ठेवून समजावली होती. संध्याकाळी सासूबाई बिथरल्या तर आधी बघा, लघवी लागलीय का, कुठे दुखतंय का, भूक लागलीय का. वाद घालू नका. ‘मला घरी जायचंय’ म्हणाल्या तर ‘हेच तुमचं घर’ म्हणून भांडू नका. चहा द्या, सोबत चार पावलं चाला, आणि गप्पा मारत मागे वळा. गेलेल्या माणसाची चौकशी केली तर मृत्यूची बातमी परत परत सांगू नका. त्यांना ती दर वेळी नवीच असते.

या शेवटच्या वाक्यापाशी काझुयोचं मन अडकलं ते अडकलंच. दर वेळी नवी. वा, याहून चांगलं काय हवं होतं तिला.

कारण तिचं दुखणं जुनं होतं. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा घरचा धंदा होता पर्सिमनची फळं सोलून, दोऱ्यांना बांधून वाळत घालायचा. ऐन हंगामात तिच्या माहेरून फोन आला, आई अत्यवस्थ आहे, लगेच पाठवा. फोन उचलला मित्सुएने, म्हणजे सासूने. निरोप पोटात ठेवला आणि सुनेला सोलायला बसवलं. फळं संपली तेव्हा म्हणाली, “अगं हो, तुझ्या माहेरचा फोन आला होता.” काझुयो पोचली तेव्हा आईचं दहन झालं होतं. हाती लागली ती अस्थींची बरणी.

आता तीच सासू रोज दिवस कलला की कापडात दोन टॉवेल आणि एक रिकामा डबा बांधून दाराशी यायची. “मी निघते हं बाई. आई वाट बघत असेल.”

“कोणाची आई?” काझुयो शांतपणे विचारायची.

“माझी.”

“मेली तुमची आई. जाळलीसुद्धा. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?”

म्हातारीचा चेहरा उतरायचा. ती जमिनीवर बसून लेकरासारखी रडायची. अर्ध्या तासात बातमी विसरायची, दुःख मात्र विसरायची नाही. कशाचं ते न कळता तासन्‌तास येरझारा घालायची, भांडी आपटायची, हाताला धरलं तर चावायची. कुवाबाराबाई चक्रावून गेल्या होत्या. “काहीतरी त्यांना रोज घाबरवतंय,” त्या म्हणाल्या. “बघा बरं, रोज त्या वेळेला काय होतं.” काझुयोने मान डोलावली आणि बाईंना वाळलेली फळं खायला दिली. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायचा आणि फोनवर ‘तूच आहेस म्हणून चाललंय’ एवढं म्हणायचा. त्याला काय सांगायचं, कपाळ?

बाकी कागदावरचं सगळं तिने चोख केलं होतं. दाराला घंटी लावली होती. सासूच्या कपड्यांच्या आत नाव आणि फोन नंबर शिवला होता. अलीकडचा फोटो पोलिसांकडे दिला होता. कुणी तिला नावं ठेवू शकलं नसतं.

त्या दिवशीही तेच झालं. “मेली तुमची आई.” पण या वेळी म्हातारी रडली नाही. वळली आणि आपल्या खोलीत गेली. काझुयो चहा ओतत होती. थोड्या वेळाने दाराची घंटी वाजली.

काझुयोने ती ऐकली. नीट ऐकली. आणि ती उठली नाही.

बाहेर थंडी पडली होती. घरामागून कालवा वाहत होता, त्याला कठडा नव्हता. जा, तिने मनात म्हटलं. मीही अशीच धावत सुटले असते, तू सुटू दिलं नाहीस. तिने चहा संपवला. दुसरा ओतला. मग तिला स्वतःचीच भीती वाटली, आणि ती कोट चढवून धावली.

घराभोवती, कालव्याकाठी, बसथांब्यावर, कुठेच नाही. शोधत बसू नका, लगेच पोलिसांना कळवा, असं कागदावर ठळक छापलं होतं. तिने फोन केला. अंगात काय होतं? फिकट तपकिरी स्वेटर. गावभरच्या खांबांवरचे कर्णे बोलू लागले: वृद्ध महिला बेपत्ता, फिकट तपकिरी स्वेटर, दिसल्यास कळवावं.

टोफूवाल्या सेगावाबाईंनी दुकानातूनच तिला हाक मारली. “तुमच्या सासूबाई? अहो, त्या तर आत्ताच गेल्या की इथून. पण स्वेटर कसला, मयतीच्या काळ्या पोशाखात होत्या, हातात जपमाळ. मी वाकून म्हटलं, फार वाईट झालं. त्यांनीही वाकून नमस्कार केला. सुतकातल्या माणसाला कुठे चाललात म्हणून कोण विचारणार?”

आई मेली म्हटल्यावर माणूस काय करतं? मयतीचे कपडे घालून निघतं. आणि त्या एकाच पोशाखात काझुयोने नाव शिवलं नव्हतं. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने म्हातारीला आदराने रस्ता दिला होता. थांबवणार कोण?

नाक्यावर अंत्यविधीची वाट दाखवणारी एक पाटी होती. कुठल्याशा सोनेहारा घराण्याचं नाव आणि खाली बोट दाखवणारा हात. पुढच्या वळणावर तसंच बोट. काझुयो बोटांमागे धावत सुटली.

अंत्यविधीच्या सभागृहात लोक नुकते जमू लागले होते. फुलांच्या पुढे शवपेटी, आणि पेटीला चिकटून मित्सुए. गुंड्या वरखाली लागलेल्या, पायात घरातल्या सपाता. दाराशी उभा असलेला त्या घरचा मुलगा हळूच म्हणाला, “आईची मैत्रीण असतील असं वाटलं. केव्हाच्या रडतायत. आम्ही चहा दिला.”

काझुयो दात-ओठ खात पुढे गेली. म्हातारीने मान वर केली. सुनेला ओळखलं नाही, पण सरकून जागा दिली.

“आलीस बाई. बरं झालं, वेळेवर आलीस. अजून झाकलं नाही. बघून घे.”

पेटीच्या छोट्या खिडकीत एका अनोळखी म्हातारीचा चेहरा होता. पावडर लावलेला, शांत. काझुयोने पाहिलं आणि तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की मागची माणसं उठून उभी राहिली. इतकी वर्षं अडलेलं रडणं भडभडून बाहेर आलं. आणि ते वाहत असतानाच तिला संताप आला, की हे रडणंसुद्धा या बाईच्याच हातून मिळावं. पाठीवरून फिरणारा हात सासूचा होता. तिला तो झटकावासा वाटत होता, पण झटकता आला नाही.

सासू सापडल्याचं पोलिसांना कळवून, त्या घरच्यांची माफी मागून दोघी निघाल्या. काझुयोने आपला कोट म्हाताऱ्या खांद्यांवर टाकला होता.

“कोण गेलं गं?” मित्सुएने विचारलं.

“माझी आई.”

“अरेरे. भेट झाली ना?”

“नाही झाली. सासूने निरोपच दाबून ठेवला. फळं सोलून होईपर्यंत.”

मित्सुए रस्त्यातच थांबली. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी चीड होती. “कसली बाई म्हणायची ती. म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली ना, तर पाणीसुद्धा विचारू नकोस तिला.”

हाच निवाडा ऐकायला काझुयोने इतकी वर्षं काढली होती, आणि देणारीला आपण कुणाचा न्याय केला हेही ठाऊक नव्हतं.

“नाही विचारत,” ती म्हणाली.

“हं. शहाणी आहेस. आता मला घरी जायचंय.”

“चला, तिकडेच चाललोय.”

घरी आल्यावर तिने म्हातारीचे पाय गरम पाण्यात ठेवले, मिसोचं सूप तापवलं, फुंकर घालून वाटी पुढे केली. मित्सुएने ती चाटूनपुसून संपवली आणि परत पुढे केली, “अजून थोडं दे गं.”

काझुयोने वाढलं. राग तसूभरही गेला नव्हता, तरी तिने या वाटीवरही फुंकर घातली.